आंबा उशिरा पोचला, आता उत्तर काय द्यायचं?

अक्षय्य तृतीया बुधवारी आहे. देवगडच्या एका बागायतदाराने पुण्यातल्या २४० घरांना कळवलंय, 'तुमची पेटी मंगळवारी पोचेल.' दोन डझनांची पेटी १,८०० रुपयांना, घरपोच करण्याचे १५० वेगळे, पैसे आगाऊ भरलेले. सोमवारी संध्याकाळी गाडी निघते आणि रात्री फोंडा घाटात बंद पडते. मंगळवारी सकाळी सातला ड्रायव्हरचा फोन येतो, "दुपारपर्यंत निघतो." बागायतदार विचार करतो, दुपारी निघाली तर बघू, उगाच आत्ताच लोकांना कशाला घाबरवायचं? अकरापासून फोन वाजू लागतात. दोन वाजता एक गिऱ्हाईक बागेच्या फेसबुक पानावरच्या जुन्या फोटोखाली लिहितं, 'पैसे घेतले, आंबा नाही, फोनही उचलत नाहीत.' चार वाजता आधीच वेळ लावून ठेवलेली जाहिरात आपोआप झळकते: 'सणाचा गोडवा, आजच पेटी बुक करा!' त्यानंतर जे सुरू होतं त्याला आवर राहत नाही. संध्याकाळी सहापर्यंत १३० कमेंट साठतात आणि त्यातल्या बऱ्याच कमेंटमध्ये एकच शब्द असतो: फसवणूक.

हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत. पण आंबा, दिवाळीचा फराळ, गणपतीची मूर्ती, लग्नातला शालू असं तारखेला बांधलेलं काहीही विकणाऱ्या माणसावर अशी संध्याकाळ येऊ शकते. ती आली तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकायला होतं, हे या २४० पेट्यांच्या सोबतीने पाहू.

राग कशाचा आहे ते आधी ओळखा

सेवाव्यवसायाचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल एक लेख लिहिला. त्यातली दोन निरीक्षणं इथे कामाची आहेत. किती थांबायचं ते माहीत असेल, तर थांबणं तेवढं जड जात नाही. आणि का थांबायचं ते कोणी सांगितलं नाही, तर तेवढाच वेळ कितीतरी मोठा वाटतो.

आपल्या उदाहरणात सकाळी सात ते दुपारी दोन एवढे तास हातात होते. गाडी घाटात अडकली आहे, हे विकणाऱ्याला माहीत होतं. घेणाऱ्याला मात्र काहीच माहीत नव्हतं. ज्या घरात उद्याच्या नैवेद्याचा आंबा यायचा होता, तिथे दुपारपर्यंत दारावरची बेल वाजली नाही आणि फोनही लागला नाही. अशा वेळी माणूस आपल्या परीने अर्थ लावतो. आगाऊ पैसे घेऊन गायब झालेल्या विक्रेत्यांच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या असतातच. घाटातल्या बिघाडाने पेटी उशिरा येणार होती. तिला फसवणूक हे नाव मिळालं ते सात तासांच्या गप्प बसण्याने.

म्हणून संकटाच्या आराखड्यातलं मुख्य काम माहिती पोचवणं हे आहे. माफी, पैसे परत, भेटवस्तू हे सगळं लागतं, पण त्यांचा नंबर नंतरचा. माझी वस्तू कुठे आहे, कधी येईल, आली नाही तर माझ्या पैशांचं काय, हे तीन प्रश्न प्रत्येक रागावलेल्या कमेंटच्या तळाशी असतात. त्यांची उत्तरं नसलेली माफी कितीही नम्र असली, तरी तिच्याखाली पुढची कमेंट येते, 'ते ठीक आहे, पण पेटी कुठे आहे?'

पहिला अर्धा तास: हात आवरा आणि मोजा

कमेंटचा मारा सुरू झाला की पहिली ऊर्मी उत्तर द्यायची असते, दुसरी कमेंट काढून टाकायची. दोन्ही अर्धा तास आवरायच्या. त्या अर्ध्या तासात तीन कामं उरकायची.

पहिलं काम म्हणजे वेळ लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट आणि चालू असलेल्या जाहिराती थांबवणं. हे सर्रास राहून जातं. पैसे भरून चालवलेली जाहिरात आपल्या संतापलेल्या पानाकडे नवी माणसं आणत राहते, आणि 'आजच बुक करा' या ओळीखाली जुन्या गिऱ्हाइकाचा राग दुप्पट होतो. चार वाजताच्या पोस्टने नेमकं तेच केलं.

दुसरं काम कामांची वाटणी. छोट्या व्यवसायात माणसं घरातलीच असतात. एकाने फक्त गाडी आणि टेम्पो यांच्याशी बोलायचं आणि खरी स्थिती आणायची. एकाने फक्त लिहायचं. एकाने फोन आणि पैसे सांभाळायचे. लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने वेळ सांगायची नाही, गाडीवाल्याशी बोलणाऱ्याकडून आलेलीच सांगायची. बागायतदाराचा भाऊ कमेंटमध्ये 'रात्री येईल' लिहितो, बायको फोनवर 'उद्या सकाळी' सांगते आणि पुतण्या इन्स्टाग्रामवर 'गाडी पुण्यात पोचली' म्हणतो, असं झालं की लोक तिन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावतात. त्यानंतर खरं उत्तरही कोणी मानत नाही.

तिसरं काम मोजणी. आपल्या उदाहरणात ती अशी निघते. दुसरी गाडी तीन वाजता घाटात पोचली, पेट्या हलवायला दोन तास लागले, पाच वाजता ती निघाली. म्हणजे पुण्यात मध्यरात्रीनंतर. पुण्यात ठरलेले टेम्पो तीन, एक टेम्पो सकाळपासून दुपारी एकपर्यंत साधारण ३० घरं करतो. म्हणजे सणाच्या जेवणाआधी ९० पेट्या. आणखी दोन टेम्पो मिळाले तर १५०, आणि उरलेल्या ९० रात्रीपर्यंत. ही मोजणी होईपर्यंत कोणालाही काहीही कबूल करण्यात अर्थ नाही. ती झाली की लगेच दोन टेम्पो ठरवून टाकायचे. त्या पाच हजार रुपयांनी जेवढा राग शमेल तेवढा नंतरच्या पन्नास हजारांनीही शमत नाही.

याच अर्ध्या तासात कमेंटचीही मोजणी होते. १३० कमेंट म्हणजे १३० गिऱ्हाइकं नव्हेत. आपल्या उदाहरणात त्या ८५ माणसांच्या आहेत. काहींनी तीन-तीनदा लिहिलंय. नावं ऑर्डरच्या वहीशी ताडून पाहिली तर ४८ जण खरोखर पेटीची वाट पाहणारे निघतात. २० जण विचारणारे आहेत, पुढच्या आठवड्यासाठी ऑर्डर दिलेले किंवा देऊ पाहणारे. उरलेले १७ वाटसरू, ज्यांचा या पेट्यांशी काही संबंध नाही. चारचौघांचा आवाज एकत्र ऐकला की सगळं गाव अंगावर आल्यासारखं वाटतं. यादी केली की त्यातून ४८ पत्ते निघतात आणि पत्त्यांवर काम करता येतं.

जाहीर निवेदन: मोजकी वाक्यं पुरतात

अर्ध्या तासानंतर पानावर एक स्वतंत्र पोस्ट टाकायची आणि ती सगळ्यात वर राहील अशी पिन करायची. जुन्या फोटोखालच्या शंभराव्या कमेंटमध्ये दिलेलं उत्तर कोणालाच दिसत नाही. ही पोस्ट साधारण अशी असावी:

'नमस्कार. आज पुण्यात पोचायच्या २४० पेट्या पोचलेल्या नाहीत. काल रात्री फोंडा घाटात आमची गाडी बंद पडली. आंबा दुसऱ्या गाडीत भरून ती आज संध्याकाळी ५ वाजता पुण्याकडे निघाली आहे. सर्व पेट्या उद्या, बुधवारी रात्री ९ पर्यंत घरी पोचतील. नैवेद्यासाठी सकाळी हवी असेल त्यांनी कळवा, त्या आधी निघतील. उशिरामुळे पेटी नको असेल तर घरपोचच्या खर्चासह पूर्ण पैसे परत देऊ. गाडी अडकल्याचं आम्हाला सकाळी कळलं होतं, तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. ते केलं नाही, याची माफी मागतो. पुढची माहिती इथेच रात्री १० वाजता देऊ.'

यातल्या काही गोष्टींकडे नीट पाहण्यासारखं आहे. आकडा स्पष्ट आहे. 'काही पेट्यांना थोडा विलंब' असं लिहिलं तर प्रत्येकाला वाटतं की आपलीच पेटी त्या 'काहीं'त आहे, आणि ज्यांना सगळ्याच अडकल्याचं ठाऊक असतं त्यांना ते खोटं वाटतं. माफी गाडी बंद पडल्याची नाही, न सांगितल्याची आहे. लोकांचा खरा आक्षेप तोच आहे. वाहतूकदाराचं नाव कुठेही नाही. पैसे गिऱ्हाइकाने बागायतदाराला दिलेत. वाहतूकदार निवडला बागायतदाराने. त्याच्याशी हिशेब नंतर, खासगीत. 'कुरिअरवाल्याची चूक आहे' हे वाक्य खरं असलं तरी गिऱ्हाइकाला ते एवढंच सांगतं की आता जबाबदार कोणीच नाही.

वेळ सांगताना सर्वांत जास्त जपावं लागतं. ड्रायव्हर 'दोन वाजता पुण्यात' म्हणाला, म्हणून 'सकाळी सातपासून पेट्या घरी' असं लिहू नये. एकदा उशीर झालेल्या माणसाने दिलेली दुसरी वेळ चुकली तर तिथे विश्वास संपतो. सगळी कामं दुपारी चारपर्यंत उरकतील असं गणित सांगत असेल तर रात्री नऊ लिहावं. आधी पोचलं तर कोणी तक्रार करत नाही.

शेवटचं वाक्य तर पाळायलाच हवं. रात्री दहाला सांगण्यासारखं नवं काही नसेल तरी दहालाच लिहायचं, 'गाडी साताऱ्याच्या पुढे आली आहे, वेळेत बदल नाही. पुढची माहिती सकाळी ६ वाजता.' दहाला दिलेला शब्द दहाला पाळला की लोकांना सकाळी सहाची वाट पाहता येते.

कोंबडी संपलेली उपाहारगृहं

अशा संकटाचं एक गाजलेलं उदाहरण ब्रिटनमध्ये २०१८ साली घडलं. तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध असलेल्या केएफसीने १४ फेब्रुवारीला आपला वाहतूकदार बदलला आणि पुरवठा बिडव्हेस्टकडून डीएचएलकडे गेला. नवी घडी रग्बी या गावातल्या एकाच गोदामावर बसवलेली होती. ती पहिल्याच दिवसांत विस्कटली आणि ब्रिटनमधल्या सुमारे ९०० उपाहारगृहांपैकी निम्म्याहून जास्त बंद पडली, कारण कोंबडीच पोचत नव्हती. ट्विटरवर संतापाचा पूर आला. केएफसीचं प्रकरण पोलिसांचं काम नाही, त्यासाठी आम्हाला फोन करू नका, असं लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सच्या पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं.

पुढे कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर माफीची जाहिरात दिली. रिकामी बादली आणि तिच्यावर स्वतःच्याच नावाच्या अक्षरांची अदलाबदल करून साधलेली शिवी. ही जाहिरात जगभर गाजली आणि आज जाहिरातशास्त्राच्या वर्गांत दाखवली जाते. पण ती आली २३ फेब्रुवारीला, संकट सुरू झाल्यानंतर नऊ दिवसांनी. त्याआधीच कंपनीने एक साधं काम केलं होतं. आपल्या जवळचं कोणतं उपाहारगृह उघडं आहे, हे लोकांना ऑनलाइन पाहता येईल अशी सोय केली होती. लोकांना त्या घटकेला तेच हवं होतं. माफीची गंमत नंतर चालली, कारण तोवर माहिती मिळत होती आणि दुकानं पुन्हा उघडू लागली होती.

आणखी एक फरक विसरून चालणार नाही. केएफसीच्या गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे भरलेले नव्हते. त्याचं एक जेवण हुकलं. अशा वेळी विनोद खपतो. ज्याने पैसे भरलेत, ज्याच्या घरी उद्या सण आहे, त्याच्यापुढे केलेला विनोद ही थट्टा ठरते. आंब्याच्या पेटीच्या पानावर हसरी चिन्हंसुद्धा टाळावीत.

न बोललेली १९२ घरं

आता आराखड्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. २४० घरांपैकी ४८ जणांनी कमेंट केली. उरलेल्या १९२ जणांनी काहीच लिहिलेलं नाही. सगळं लक्ष त्या ४८ जणांकडे जातं, कारण त्यांचा आवाज ऐकू येतो. पण रात्री आणि उद्या सकाळी या १९२ पैकी जो जो पान उघडून पाहील, त्याला समोर फसवणूक हा शब्द दिसेल आणि तोही लिहू लागेल. दुसरी लाट इथून येते. ती थांबवायची तर त्यांनी विचारायच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

इथे एक तांत्रिक अडचण ऐनवेळी दगा देते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवलेला आहे. एका यादीत २५६ जण मावतात, म्हणून बागायतदाराला वाटतं, एका फटक्यात सगळ्यांना कळवलं. प्रत्यक्षात एकदाच पेटी मागवणाऱ्या गिऱ्हाइकाने नंबर साठवलेलाच नसतो. त्याच्यापर्यंत काहीच जात नाही आणि आपल्याला ते कळतही नाही. म्हणून साधा एसएमएस पाठवावा किंवा एकेकाला वेगळा संदेश करावा, आणि ज्यांच्याकडून काहीच उत्तर येत नाही त्यांना फोन लावावा. तीन माणसांनी मिळून २४० संदेश पाठवणं हे दीड-दोन तासांचं काम आहे.

संदेशात प्रश्न एकच असावा: 'पेटी सकाळी नैवेद्यासाठी हवी आहे, रात्रीपर्यंत चालेल, की पैसे परत हवेत? १, २ किंवा ३ लिहून पाठवा.' हा प्रश्न दोन कामं करतो. गिऱ्हाइकाच्या हाती निर्णय येतो, आणि पाच टेम्पोंची फेरी कशी लावायची याची यादी आपोआप तयार होते. सगळ्यांनाच सकाळी हवी असेल असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. कोणी सुट्टीला गावी गेलेलं असतं, कोणी आंबा मुलांसाठी मागवलेला असतो, त्यांना संध्याकाळ चालते. सकाळच्या १५० जागा कोणाला द्यायच्या, हे गिऱ्हाइकांनीच सांगितलेलं बरं.

कमेंटला उत्तर कसं द्यायचं

निवेदन वर लागलं, संदेश गेले, आता कमेंटकडे वळायचं. त्या ४८ जणांना प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं. एकच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवला की तो यंत्राने दिल्यासारखा दिसतो आणि नवा राग ओढवतो. 'नमस्कार ताई, तुमची कोथरूडची पेटी उद्या सकाळच्या फेरीत आहे. निघाली की ड्रायव्हरचा नंबर तुम्हाला मेसेज करतो,' एवढं पुरेसं आहे. उत्तर चारचौघांत द्यायचं, तपशील खासगीत. नुसतं 'इनबॉक्समध्ये बोलू' असं लिहिलं तर बघणाऱ्यांना वाटतं, काहीतरी झाकताहेत.

विचारणाऱ्या २० जणांना निवेदनाकडे बोट दाखवायचं आणि त्यांच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यायचं. वाटसरूंपैकी कोणी टोमणा मारला तर सोडून द्यायचं. कोणी चुकीची गोष्ट पसरवत असेल, उदाहरणार्थ 'यांची बागच नाही', तर एकदाच, शांतपणे, खरं काय ते सांगायचं. दुसऱ्यांदा वाद घालायचा नाही. वाद वाढला की ती कमेंट सगळ्यांना वर दिसू लागते.

कमेंट काढून टाकण्याबद्दल नियम सोपा ठेवावा. टीका कितीही कडू असली तरी ती राहू द्यायची. काढायच्या त्या तीनच प्रकारच्या: शिवीगाळ, धमकी, आणि ज्यात कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता उघड झाला आहे अशा. शेवटच्या प्रकारातल्या गिऱ्हाइकाला वेगळं कळवावं, 'तुमचा नंबर सगळ्यांना दिसत होता म्हणून कमेंट काढली, तुमचं काम चालू आहे.' टीका पुसल्याचं एकदा लक्षात आलं की तिचा स्क्रीनशॉट फिरतो, आणि विषय आंब्यावरून प्रामाणिकपणावर जातो.

मित्रांना आणि नातेवाइकांना 'आमच्या बाजूने चार ओळी लिहा' असं सांगायचा मोह होतो. तो टाळावा. लोक ते ओळखतात, शिवाय ते नियमांत बसत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाबद्दल अभिप्राय लिहिता येत नाही.

याच वेळी पानावर आणखी एक जात उगवते. रागावलेल्या कमेंट शोधत फिरणारे भामटे. ते व्यवसायाच्या नावाशी मिळतंजुळतं खातं काढतात, कमेंटखाली 'तुमचा रिफंड देतो, या नंबरवर या' असं लिहितात आणि माणसाकडून लिंक उघडून घेतात किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात. पेटीही गेली आणि खात्यातले पैसेही गेले, असं एकाच्याही बाबतीत घडलं तर ते बागायतदाराच्या नावावर येतं. म्हणून निवेदनाच्या खाली पहिल्याच तासात लिहावं: 'आमचा नंबर हा एकच. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका.' फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायला सांगावं.

पैसे परत: कायदा आणि हिशेब

त्याच २०२० च्या नियमांत उशिराबद्दल स्पष्ट तरतूद आहे. सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त कोणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीचा. दरड कोसळून घाट बंद झाला तर तसं म्हणता येईल. गाडी नादुरुस्त झाली, हे कारण त्यात बसवणं कठीण आहे. या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. पण सणाच्या आदल्या रात्री कायद्याची मुदत मोजत बसणं वेडेपणाचं आहे. पैसे मागितले त्याच रात्री परत पाठवावेत आणि व्यवहाराचा क्रमांक कळवावा.

आंब्यासारख्या नाशवंत मालात उशिराचा दुसरा अंक पेटी उघडल्यावर सुरू होतो. हापूस झाडावरून पक्व पण कच्चा उतरवतात आणि तो गवतात पिकतो. बंद गाडीत उन्हात दिवसभर उभा राहिला तर सगळा नासत नाही, पण काही फळं लवकर आणि वेडीवाकडी पिकतात. म्हणून पेटीसोबत चिठ्ठी द्यावी: पेटी लगेच उघडा, फळं हवेशीर जागी एका थरात पसरा, पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि तिथेच सांगून टाकावं की खराब निघालेल्या फळाचा फोटो पाठवला की फळामागे ७५ रुपये परत. १,८०० रुपयांत २४ फळं, म्हणून ७५. दर आधीच छापलेला असला की प्रत्येकाशी वेगळी घासाघीस होत नाही आणि जोरात ओरडणाऱ्याला जास्त, गप्प बसणाऱ्याला कमी, असा अन्याय होत नाही.

समजा २८ जणांनी पेटी नाकारली. त्यांचे १,९५० प्रमाणे ५४,६०० रुपये परत. उरलेल्या २१२ जणांना घरपोचचे १५० परत, म्हणजे ३१,८००. खराब निघालेल्या १८० फळांचे १३,५००. जादा टेम्पोंचे ५,०००. एकूण १,०४,९००. नाकारलेल्या २८ पेट्या पुण्यातच १,३०० ने विकल्या तर ३६,४०० परत आले. म्हणजे निव्वळ फटका ६८,५०० रुपयांचा, एकूण ४,६८,००० च्या विक्रीवर सुमारे १५ टक्के. हा आकडा लहान नाही. पण तो त्या रात्रीच कागदावर मांडला की निर्णय घाबरून होत नाहीत. हातात तेवढी रक्कम नसेल तर सगळ्यांना सरसकट सवलत जाहीर करू नये. आधी नाकारणाऱ्यांचे पूर्ण पैसे, मग खराब फळांचे, आणि घरपोचचा खर्च पंधरा दिवसांत, असं तारखेसह सांगावं. 'पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट' ही भरपाई नव्हे. ज्याला याच पेटीचा भरवसा नाही त्याला पुढची पेटी विकण्याचाच तो प्रयत्न दिसतो.

लाट ओसरली हे कसं ओळखायचं

एकूण कमेंट वाढतच राहतात, त्यामुळे त्या आकड्यावरून काही कळत नाही. दोन खुणा पाहाव्यात. पहिली, उत्तर न मिळालेली खरी गिऱ्हाइकं किती उरली. ४८ वरून हा आकडा रात्री शून्यावर यायला हवा. दुसरी, नवे लोक काय विचारताहेत. 'पेटी कुठे आहे?' हाच प्रश्न येत राहिला तर निवेदन लोकांपर्यंत पोचत नाही किंवा त्यांना समजत नाही, ते सुधारायला हवं. प्रश्न बदलून 'आंबा काळा पडलाय' असे येऊ लागले तर पहिली लाट संपून दुसरी सुरू झाली आहे. तिच्यासाठी चिठ्ठीतला दर तयारच आहे.

गुरुवारी शेवटची पोस्ट टाकावी: २१२ पेट्या पोचल्या, २८ जणांचे पैसे परत केले, अमुक तक्रारी बाकी आहेत आणि त्या शनिवारपर्यंत मिटवू. पुढच्या वेळी काय बदलणार, तेही त्यात असावं, आणि ते तपासता येण्यासारखं असावं. 'आम्ही अधिक काळजी घेऊ' याला काही अर्थ नाही. 'सणाची पेटी यापुढे सणाच्या दोन दिवस आधी पोचेल अशी पाठवू, आणि गाडी दोन तासांहून जास्त थांबली तर त्याच वेळी सगळ्यांना कळवू' याला अर्थ आहे, कारण पुढच्या वर्षी लोक ते पडताळू शकतील.

या सगळ्या धावपळीतलं बरंचसं काम हंगामाआधीच एका कागदावर होऊ शकतं. जाहिरात कोण थांबवणार, गाडीवाल्याशी कोण बोलणार, लिहिणार कोण, ऐनवेळी मिळतील अशा दोन टेम्पोवाल्यांचे नंबर, गिऱ्हाइकांची पत्त्यांसह ताजी यादी, फळामागे किती रुपये परत, आणि रिकाम्या जागा ठेवून लिहिलेलं मोजक्या वाक्यांचं निवेदन. तुम्ही सणाला काही विकत असाल तर पहिली ऑर्डर घेण्याआधी हा कागद लिहून भिंतीवर लावा. आणि त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहा: उशीर होणार हे ज्या क्षणी आपल्याला कळेल, त्याच तासात ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे.